‘दक्षता घेण्यात येईल’ म्हणजे पूर्तता नव्हे

लेखापरीक्षकाने आक्षेप नोंदवावा, त्याखाली समितीने ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ असे लिहून सह्या कराव्यात आणि पूर्तता झाली असे मानावे, हा समज आमच्या सहकारी संस्थांच्या दप्तरांत इतका मुरला आहे की, त्याच आक्षेपाखाली तेच वाक्य वर्षानुवर्षे आढळले तरी कुणाला नवल वाटत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधील कलम 82 मात्र एवढ्यावर समाधान मानीत नाही. अहवालाच्या तारखेपासून 3 महिन्यांत दोषांचा खुलासा तर करावाच, शिवाय ते दूर करण्यासाठी कोणती कारवाई केली हे निबंधकास कळवावे व पुढील सर्वसाधारण सभेपुढेही ठेवावे, असे ते फर्मावते. आमचे पदाधिकारी खुलाशापाशीच थांबतात.

एखाद्या गृहनिर्माण संस्थेवर असा आक्षेप आला असे समजू: ऑक्टोबरपासून बँकेशी ताळमेळ घेतलेला नाही, आणि मार्चअखेर कीर्दीतील शिल्लक व बँकेच्या उताऱ्यातील शिल्लक यांत 48,600 रुपयांचा फरक आहे. समिती लिहिते, ‘कारकून दीर्घ रजेवर असल्याने काम राहिले.’ रजा खरी असेल. पण तिने फरकातला एक रुपयाही उलगडत नाही. काम राहिले ते बदली माणूस नेमला नाही म्हणून, आणि ते राहिल्याचे कळले नाही ते मासिक सभेत पत्रक कुणी मागत नव्हते म्हणून. हे कारण मान्य केले की उत्तराला आकार येतो:

‘आक्षेप मान्य. रजेच्या काळात काम अन्य कुणाकडे सोपवलेले नव्हते व समिती ताळमेळपत्रक पाहत नव्हती. ऑक्टोबर ते जुलैची पत्रके खजिनदार 31 ऑगस्टपर्यंत पूर्ण करतील आणि 3 महिन्यांची मुदत उलटूनही न वटलेल्या धनादेशांच्या नोंदी त्याच तारखेपर्यंत दुरुस्त करतील. सप्टेंबरपासून दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कारकून मागील महिन्याचे पत्रक तयार करील. सचिव ते उताऱ्याशी पडताळून सही करतील व मासिक सभेपुढे ठेवतील.’

पुढील वर्षी लेखापरीक्षकाने सही केलेली पत्रके आणि सभेचे इतिवृत्त तेवढे मागवावे. शब्द पाळला की नाही, हे तिथेच कळेल.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. ‘मान्य’ लिहिले म्हणजे अपहाराची कबुली दिली, असे होत नाही. आणि आक्षेपच चुकीचा असेल तर पुराव्यानिशी तो खोडून काढावा, भिडेखातर स्वीकारू नये. ‘संपूर्ण समिती जबाबदार’ असे लिहिले की विचारणा कुणाकडे करावी हेच कळत नाही. ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे. आणि कारकुनालाही अशक्य वाटणारी पुढच्या आठवड्याची तारीख लेखापरीक्षकाला खूश करण्यापुरतीच असते. मुदत पाळता येणार नाही असे दिसले, तर ती संपण्यापूर्वी ठराव करून कारणासह नवी तारीख लेखी कळवावी, आणि फरकाचा शेवटचा रुपया जुळेपर्यंत त्या आक्षेपापुढे ‘पूर्तता झाली’ हा शेरा मारू नये.