मशीन शेडमध्ये, घसारा कोणाच्या हिशेबात?

भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये चालू सीएनसी मशीनच्या अंगावर पत्र्याची छोटी पट्टी रिवेट केलेली दिसते. हे मशीन अमुक लीज कंपनीच्या मालकीचे आहे, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. मशीनवर काम वर्कशॉपचे चालते. वीजबिल, तेलपाणी, दुरुस्ती, विमा हे सगळे वर्कशॉपचा मालकच भरतो. पाच वर्षांत मशीनची झीज होते तीही त्याच्याच कामामुळे. साहजिकच त्याला वाटते की झिजेपोटी आयकरात मिळणारी वजावट, म्हणजे घसारा, आपला आहे. हप्त्यात व्याजही दडलेले आहे, तेव्हा तेही आपण दाखवायला हवे. अशी विवरणपत्रे भरली जातात, आणि पुढे नोटीस आली की धावाधाव होते.

गोंधळाचे मूळ हे की एकाच लीजकडे हिशेबाचे नियम एका नजरेने पाहतात आणि आयकराचा कायदा दुसऱ्या नजरेने.

आधी हिशेबाची नजर पाहू. ऑपरेटिंग लीज म्हणजे सरळ भाडे. जनरेटर सहा महिन्यांसाठी आणला, वापरला, परत दिला. तो जुना होऊन त्याची किंमत पडली तर नुकसान देणाऱ्याचे. फायनान्स लीजमध्ये मालकीचे जवळजवळ सगळे फायदे आणि सगळी जोखीम वापरणाऱ्याकडे जाते, फक्त कागदावरची मालकी तेवढी देणाऱ्याकडे राहते. हिशेब मानक १९, म्हणजे एएस-१९, काही खुणा सांगते. लीजची मुदत वस्तूच्या उपयुक्त आयुष्याच्या मोठ्या भागाएवढी असणे, सगळ्या भाड्यांचे आजचे मूल्य जवळपास वस्तूच्या किमतीएवढे भरणे, मुदत संपल्यावर ती वस्तू नाममात्र किमतीत विकत घेण्याचा पर्याय असणे, किंवा वस्तू इतकी खास त्या ग्राहकासाठी बनवलेली असणे की दुसऱ्या कोणाच्या कामाची नाही. अशी लीज असेल तर वापरणाऱ्याने ती वस्तू स्वतःच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवायची, समोर तेवढेच देणे दाखवायचे, आणि भाड्याऐवजी घसारा व व्याज असा दुहेरी खर्च नफा-तोटा पत्रकात घालायचा.

इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की प्रश्न सुटला. पण आयकर कायदा जोखीम कोणाकडे हे विचारत नाही. १९६१ च्या कायद्याचे कलम ३२ दोनच अटी घालते. वस्तू करदात्याच्या पूर्ण किंवा अंशतः मालकीची असावी आणि ती त्याच्या व्यवसायासाठी वापरली जावी. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो, पण मालकी आणि वापर या दोन खांबांना त्यानेही हात लावलेला नाही.

मग मालक कोण आणि वापरणारा कोण? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये आयसीडीएस लिमिटेडच्या खटल्यात दिले. कर्नाटकातील ही वित्त कंपनी उत्पादकाकडून थेट वाहने विकत घेई आणि ग्राहकांना लीजवर देई. कर आकारणीची वर्षे १९९१-९२ ते १९९६-९७ होती. कंपनीने वाहनांवर घसारा मागितला, तोही भाड्याने चालणाऱ्या वाहनांना मिळणाऱ्या चढ्या दराने. आयकर खात्याचे म्हणणे होते की कंपनी फक्त पैसे पुरवते, गाड्या ती चालवत नाही, आणि आरटीओच्या कागदांवर नाव तर ग्राहकाचे आहे. न्यायाधिकरणाने कंपनीच्या बाजूने कौल दिला, उच्च न्यायालयाने तो फिरवला आणि प्रकरण दिल्लीला गेले.

न्यायालयाने आधी करारातली कलमे वाचली. वाहनाची मालकी सदैव कंपनीकडे राहील, हप्ता थकला तर कंपनी वाहन परत घेऊ शकेल, केव्हाही तपासणी करू शकेल, आणि मुदत संपल्यावर ग्राहकाने वाहन परत केले पाहिजे, असे त्यांत स्पष्ट लिहिलेले होते. नोंदणीबद्दल न्यायालयाने सांगितले की मोटार वाहन कायदा लीजवरच्या गाडीच्या ताबेदाराला ‘मालक’ मानतो ते केवळ त्या कायद्याच्या कामापुरते, खरी मालकी त्याने ठरत नाही. वापराचा मुद्दाही तसाच सुटला. ज्याचा धंदाच वाहने लीजवर देण्याचा आहे त्याने ती लीजवर दिली, हाच त्याच्या व्यवसायातला वापर. स्वतः स्टिअरिंग धरण्याची अट कायद्यात कुठेच नाही. न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली. ग्राहक खरोखर मालक असते तर त्यांनी घसारा मागितला असता, आणि तो त्यांनी मागितलेला नव्हता. एका वस्तूवर एकाच वेळी दोघांनी पूर्ण घसारा घ्यायचा नाही, हे त्यातून आपोआपच आले.

खरे तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने हे आधीच सांगून ठेवले होते. एएस-१९ आल्यावर फेब्रुवारी २००१ मध्ये मंडळाने परिपत्रक काढले की फायनान्स लीजवरची वस्तू वापरणाऱ्याच्या पुस्तकात मालमत्ता म्हणून दिसली तरी तेवढ्याने आयकरातला घसारा त्याच्याकडे जात नाही. हे परिपत्रक प्रत्येक छोट्या उद्योजकाच्या सीएने लीजच्या फाइलला लावून ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

आता आकडे घेऊन बसू. मशीन २० लाखांचे. लीज पाच वर्षांची, दर वर्षाच्या शेवटी भाडे ५ लाख २८ हजार, मुदत संपल्यावर मशीन परत. यात साधारण १० टक्के व्याजदर दडलेला आहे. पाच वर्षांत भाडे २६ लाख ४० हजार जाते, म्हणजे ६ लाख ४० हजार हा पैशाचा खर्च. मशीन वर्षभर वापरात आहे असे धरू आणि जीएसटी बाजूला ठेवू.

वर्कशॉपच्या पुस्तकात पहिल्या वर्षी व्याज २ लाख दिसेल. मशीन परत जाणार असल्याने किंमत पाच वर्षांवर सारखी वाटली तर घसारा ४ लाख. एकूण खर्च ६ लाख. पण आयकरासाठी उत्पन्न काढताना हे ६ लाख नफ्यात परत मिळवायचे आणि त्यांच्या जागी प्रत्यक्ष भाडे, ५ लाख २८ हजार, व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करायचे. पहिल्या वर्षी करपात्र उत्पन्न पुस्तकातल्या नफ्यापेक्षा ७२ हजारांनी जास्त येते. पाचव्या वर्षी उलटे होते. तेव्हा व्याज जेमतेम ४८ हजार उरते, पुस्तकी खर्च ४ लाख ४८ हजार होतो आणि भाडे मात्र तेवढेच, ५ लाख २८ हजार. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे २६ लाख ४० हजारच. म्हणजे वर्कशॉपला घसारा मिळत नाही म्हणून तो तोट्यात जातो असे नाही. त्याला पूर्ण भाड्याची वजावट मिळते, आणि त्या भाड्यातच मुद्दल, व्याज सगळे आले.

दुसऱ्या बाजूला लीज कंपनी बसली आहे. तिला मिळालेले सगळे भाडे तिचे उत्पन्न. त्यातून ती सर्वसाधारण यंत्रसामग्रीच्या १५ टक्के दराने पहिल्या वर्षी ३ लाख घसारा घेते. दुसऱ्या वर्षी उरलेल्या १७ लाखांवर २ लाख ५५ हजार. मशीन घ्यायला तिने स्वतः बँकेकडून १६ लाख ९ टक्क्यांनी उचलले असतील तर १ लाख ४४ हजार व्याजही तिचेच, कलम ३६ खाली. व्याजाच्या बाबतीत हीच ओळ ध्यानात ठेवायची. लीजमध्ये व्याजाची वजावट त्याला मिळते ज्याने प्रत्यक्ष कर्ज काढले. वर्कशॉपने कर्ज काढलेलेच नाही, त्यामुळे भाड्याची फोड करून त्यातले २ लाख वेगळे ‘व्याज’ म्हणून आयकरात मागायला त्याला जागा नाही.

हेच मशीन त्याने बँकेच्या कर्जावर घेतले असते तर? व्याजदर आणि हप्ता तोच धरू. मग मालक तोच. पहिल्या वर्षी ३ लाख घसारा आणि २ लाख व्याज, मिळून ५ लाखांची वजावट. हप्त्यातले ३ लाख २८ हजार मुद्दल आहे, त्याची वजावट नाही. पाच वर्षांत घसारा सुमारे ११ लाख १३ हजार आणि व्याज ६ लाख ४० हजार, एकूण साडेसतरा लाखांच्या आसपास. लीजमध्ये २६ लाख ४० हजार. हा फरक पाहून लीज कंपन्यांचे विक्रेते ‘कर वाचतो’ म्हणतात ते अर्धेच सांगतात. कर्ज घेणाऱ्याच्या हातात पाचव्या वर्षी मशीन आहे आणि सुमारे ८ लाख ८७ हजारांचा घसारा पुढच्या वर्षांसाठी शिल्लक आहे. लीजवाल्याच्या शेडमधली जागा रिकामी आहे. तेव्हा तुलना करायची तर मशीनची पाच वर्षांनंतरची बाजारातली किंमत धरूनच करावी.

चुका कुठे होतात? सर्वांत साधी चूक म्हणजे पुस्तकातले घसारा-व्याज तसेच विवरणपत्रात उतरवणे आणि भाडेही खर्चात ठेवणे. एकाच पैशाची दोनदा वजावट होते. लेखापरीक्षणात ती सहज सापडते, कारण भाड्याची रक्कम बँकेच्या उताऱ्यात असते आणि मशीन मालमत्तेच्या यादीत.

दुसरी चूक करारातच असते. नाव ‘लीज’, पण शेवटच्या हप्त्यानंतर मशीन आपोआप किंवा हजारभर रुपयांत ग्राहकाचे होणार असे लिहिलेले. अशा वेळी अधिकारी शीर्षकावर थांबत नाही, कलमे वाचतो. व्यवहार हायर पर्चेस किंवा निव्वळ कर्ज ठरला तर चित्रच पालटते. घसारा वापरणाऱ्याकडे जातो, हप्त्यातला पैशाचा खर्च त्याला वजा मिळतो, मुद्दल मिळत नाही. लीज कंपनीचे उत्पन्नही मग फक्त व्याजापुरते उरायला हवे. आणि दोघांनी आपापली विवरणपत्रे वेगवेगळ्या समजुतीने भरली असतील तर दोघांनाही उत्तर द्यावे लागते. म्हणून सही करण्याआधी खरेदीचे बिल कोणाच्या नावावर आहे, मुदतीनंतर मशीन कुठे जाणार आणि शेवटची किंमत काय, या तीन जागा पाहाव्यात.

विकून परत लीजवर घेण्याचा प्रकार वेगळा सांगितला पाहिजे. वर्कशॉपने आपले जुने मशीन, ज्याची घसारा वजा जाता किंमत ६ लाख उरली आहे, लीज कंपनीला १५ लाखांना विकले आणि तेच परत भाड्याने घेतले. हातात खेळते भांडवल आले. पण लीज कंपनीने १५ लाखांवर घसारा मागितला तर तो मिळणार नाही. १९९६ पासून कलम ४३ मधल्या स्पष्टीकरणाने अशा वेळी नव्या मालकाची किंमत जुन्या मालकाच्या शिल्लक किमतीएवढीच, म्हणजे ६ लाख, धरायला सांगितले आहे. त्यामुळे जाणकार लीज कंपनी अशा मशीनसाठी भाडे चढे सांगते. तिचा घसारा कमी झालेला असतो आणि तो फरक ती वर्कशॉपच्या हप्त्यातून भरून काढते.

मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस-११६ लागू आहे. त्याखाली वापरणाऱ्याला बहुतेक ऑपरेटिंग लीजही ताळेबंदात आणाव्या लागतात, दुकानाचे दीर्घ मुदतीचे भाडेसुद्धा. आयकराचा हिशेब त्यानेही बदललेला नाही. अशा कंपनीच्या पुस्तकात दुकानभाड्याच्या जागी घसारा आणि व्याज दिसते, आणि कराचा तक्ता करताना तिचा लेखापाल ते दोन्ही बाजूला काढून घरमालकाला दिलेले भाडे पुन्हा जागेवर ठेवतो.