दोन संगणक, एकच कीबोर्ड

घरचा संगणक आणि ऑफिसचा लॅपटॉप एकाच टेबलावर आले की कीबोर्ड-माउसच्या दोन जोड्यांना जागा उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे केव्हीएम स्विच. कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर या डबीला जोडायचे आणि डबीतून दोन्ही संगणकांना केबली न्यायच्या.

बटण दाबून संगणक बदलता येतो, पण खरी सोय हॉटकीची. बऱ्याच स्विचांवर स्क्रोल लॉक पटकन दोनदा दाबून १ किंवा २ दाबला की तो संगणक समोर येतो. काहींवर हेच काम कंट्रोल करते. नेमकी जुळणी माहितीपत्रकातच पाहावी. स्क्रोल लॉक निवडण्याचे कारण साधे: ती कळ एरवी कोणी वापरत नाही. अडचण अशी, की हल्लीच्या छोट्या कीबोर्डांवर ती नसतेच!

हॉटकी चालत नसेल तर आधी कीबोर्ड कुठे खोचलाय ते बघा. डबीवर कीबोर्डचे चित्र असलेल्या पोर्टमधल्या कळा स्विच स्वतः वाचतो. शेजारच्या साध्या यूएसबी पोर्टमधल्या कळा तो न वाचताच पुढे पाठवतो. तिथे टायपिंग नीट होते, हॉटकी मात्र मुकी राहते. उलट, गेमिंग कीबोर्डच्या खास कळा कीबोर्डच्या पोर्टमध्ये कधीकधी चालत नाहीत. असा कीबोर्ड साध्या पोर्टमध्ये लावावा आणि संगणक बदलायला डबीवरचे बटण वापरावे.

खरेदीआधी आपल्या कीबोर्डवर स्क्रोल लॉक आहे का, तेवढे पाहून घ्या.