दोन मीटिंगच्या मधली पाच मिनिटं

साडेअकराला बजेटची मीटिंग संपली आणि पावणेबाराला नव्या उमेदवाराची मुलाखत आहे. समोरचा माणूस बोलतोय, पण डोक्यात घोळतंय ते मघाचंच: तो आकडा नक्की कोण पाठवणार? काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो, असं सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 साली दाखवून दिलं. म्हणून डोळे मिटण्याआधी पेन उचलावं. ‘आकडा अकाउंट्सकडून, चारपर्यंत, मी फोन करणार,’ एवढं लिहिलं की पुरे. हे न करता श्वासाकडे वळलात, तर तो आकडा पुन्हा पुन्हा वर येत राहतो.

मग फोन पालथा ठेवा, चार मिनिटांचा गजर लावा आणि पाय जमिनीला टेकवून बसा. श्वास नाकपुडीशी किंवा पोटाशी, जिथे स्पष्ट जाणवेल तिथे लक्ष ठेवा. श्वास बाहेर गेला की मनात ‘एक’, पुढच्याला ‘दोन’, असं दहापर्यंत मोजा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करा. श्वास मुद्दाम खोल किंवा लांब करायचा नाही. इथे हा प्राणायामापेक्षा वेगळा आहे. नवखी माणसं हमखास जोरजोरात श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर मोजणं सोडून थोडा वेळ नेहमीसारखा श्वास चालू द्या.

मोजणीचा खरा उपयोग म्हणजे मन भरकटलेलं तिच्यामुळे पकडता येतं. चारवर मोजणी हरवते, किंवा तेरा-चौदापर्यंत आपोआप सुरू राहते. लक्षात आलं की चिडचिड न करता ‘एक’वर यायचं. सुरुवातीला एकही फेरी दहापर्यंत पुरी झाली नाही तरी सराव फसला असं नाही. भटकलेलं मन ओळखून परत आणणं, हाच सराव आहे.

पाच मिनिटांकडून फार मागू नये. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस दिवसभर श्वासाचंच निरीक्षण, म्हणजे आनापान, करून घेतात. तिथेही मन पळतंच. या मधल्या वेळात साधतं ते एवढंच: मागची मीटिंग जरा बाजूला सरते आणि मुलाखतीतला पहिला प्रश्न नीट कानावर पडतो. अपुऱ्या झोपेची किंवा सलग सहा मीटिंगच्या वेळापत्रकाची भरपाई याने होत नाही. काहींना, विशेषतः दमा किंवा घबराटीचे झटके येणाऱ्यांना, श्वासाकडे पाहिल्यावर उलट धास्ती वाटते. त्यांनी श्वास सोडून तळव्यांना लागणारी जमीन किंवा पंख्याचा आवाज धरावा. गजर झाला की पुढच्या मीटिंगमध्ये काय ठरवायचंय ते मागच्या ओळीखाली लिहा आणि उठा.