पेटंट आणि प्रताधिकार यांतील फरक

पेटंट (एकस्व) आणि प्रताधिकार (कॉपीराइट) हे बौद्धिक संपदेचे दोन वेगळे कायदेशीर हक्क आहेत. पेटंट एखाद्या नव्या शोधाच्या वापरावर हक्क देते, तर प्रताधिकार त्या शोधाविषयी किंवा अन्य विषयावर केलेल्या मांडणीवर हक्क देतो. पारंपरिक ज्ञान आणि जेनेरिक औषधे यांविषयीच्या वादांत हा फरक विशेष स्पष्ट होतो. या लेखात हळदीचे अमेरिकी पेटंट आणि नेक्साव्हार या औषधाचा सक्तीचा परवाना या दोन प्रकरणांच्या आधारे तो मांडला असून अखेरीस अभ्यासप्रश्न दिले आहेत.

== संरक्षण कशाला मिळते? ==

भारतात पेटंटसाठी अर्ज करावा लागतो. शोध नवा असणे, तो त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचणारा नसणे आणि त्याचा औद्योगिक उपयोग होणे या अटींवर अर्ज तपासला जातो. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. पेटंटची व्याप्ती त्याच्या शीर्षकावरून नव्हे, तर शेवटी दिलेल्या 'दाव्यां'वरून ठरते. दाव्यात बसणारी कृती दुसऱ्याने स्वतंत्रपणे शोधून काढली असली, तरी पेटंटधारक त्याला रोखू शकतो.

प्रताधिकार मात्र कृती निर्माण होताच लागू होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. साहित्यकृतीच्या बाबतीत तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्याचे संरक्षण शब्दरचनेला असते, त्यामागील कल्पनेला किंवा माहितीला नसते. पाककृतीचे पुस्तक छापून विकण्यास लेखकाची परवानगी लागते, पण त्यातील पदार्थ करण्यास लागत नाही.

== हळदीचे पेटंट ==

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याच्या पद्धतीवर पेटंट क्र. ५४०१५०४ मिळाले. जखमेवर हळद लावण्याची पद्धत महाराष्ट्रातील घराघरांत परिचित होती. तरीही हे पेटंट मिळाले, याचे एक कारण तत्कालीन अमेरिकी कायद्यात होते. शोधाचे नावीन्य तपासताना परदेशातील केवळ प्रत्यक्ष वापर विचारात घेतला जात नसे. परदेशातील पुरावा पूर्वीचे पेटंट किंवा छापील प्रकाशन या स्वरूपात असावा लागे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला घरगुती वापर त्या कार्यालयाच्या दृष्टीने पुरावा ठरत नव्हता.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) ऑक्टोबर १९९६ मध्ये या पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली. मूळचे गोव्यातील माशेलचे आणि पूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक असलेले रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुन्या संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक लेख होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने हे दावे नाकारले.

येथे दोन्ही हक्क एकाच कागदावर पाहता येतात. १९५३ च्या लेखाच्या मजकुराला प्रताधिकार होता. तो लेख जसाच्या तसा छापण्यासाठी परवानगी लागली असती. परंतु त्यातील माहिती छापली जाताच सार्वजनिक झाली आणि तिने पुढे पेटंटचे नावीन्य खोडून काढले. मात्र पेटंट रद्द झाल्याने हळद वापरणाऱ्या समाजाला कोणताही मोबदला मिळाला नाही. दुसऱ्याची मक्तेदारी टळली, एवढाच त्याचा परिणाम होता.

या अनुभवानंतर ग्रंथांतील औषधी ज्ञान परदेशी परीक्षकांना समजेल अशा भाषांत मांडणारा पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथालय प्रकल्प (टीकेडीएल) उभा राहिला. त्याचा आधार लिखित साहित्य असल्याने केवळ तोंडी परंपरेतील ज्ञान त्याच्या आवाक्याबाहेर राहते.

== नेक्साव्हार आणि सक्तीचा परवाना ==

भारतात १९७० च्या कायद्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त ते तयार करण्याच्या प्रक्रियेवर मिळे. त्यामुळे वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनवता येई. १ जानेवारी २००५ पासून औषधाच्या रेणूवरही पेटंट मिळू लागले आणि हा मार्ग बंद झाला.

बायर कंपनीला यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाचे भारतीय पेटंट २००८ मध्ये मिळाले. नेक्साव्हार या नावाने विकल्या जाणाऱ्या या औषधाच्या महिन्याभराच्या १२० गोळ्यांची किंमत सुमारे २,८०,४२८ रुपये होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीने आधी बायरकडे परवाना मागितला. तो न मिळाल्याने पेटंटला तीन वर्षे झाल्यावर तिने कलम ८४ खाली सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. लोकांची वाजवी गरज भागत नसणे, किंमत परवडणारी नसणे किंवा भारतात पेटंटचा प्रत्यक्ष वापर होत नसणे, यांपैकी एक कारणही या कलमाखाली पुरेसे असते. मुंबईतील पेटंट नियंत्रकांनी ९ मार्च २०१२ रोजी तिन्ही कारणे मान्य केली.

नॅटकोला १२० गोळ्या ८,८०० रुपयांपर्यंत विकण्याची परवानगी मिळाली आणि बायरला निव्वळ विक्रीच्या ६ टक्के मानधन ठरले. अपिलात ते ७ टक्के झाले. ८,८०० रुपयांच्या विक्रीवर ७ टक्के म्हणजे ६१६ रुपये होतात. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा परवाना कायम ठेवला. यात बायरचे पेटंट रद्द झाले नव्हते. हळदीच्या प्रकरणात हक्कच टिकला नाही, तर येथे हक्क कायम राहून त्यातील मक्तेदारीला मर्यादा पडली.

== अभ्यासप्रश्न ==

'''१. किल्लारी परिसरातील एका वैदूला तोंडी परंपरेने माहीत असलेल्या लेपावर एखाद्या कंपनीने भारतात पेटंटचा अर्ज केला, असे समजा. लेखी पुरावा नसताना त्याला विरोध करता येईल का?'''
होय. भारतीय कायद्याच्या कलम २५ नुसार स्थानिक समाजातील तोंडी ज्ञान हेही विरोधाचे कारण ठरते आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही विरोध नोंदवू शकते. शिवाय कलम ३(पी) नुसार पारंपरिक ज्ञान हा पेटंटयोग्य शोध मानला जात नाही. तथापि, ते ज्ञान पूर्वीपासून प्रचलित होते हे साक्षींनी सिद्ध करावे लागेल.

'''२. एका विद्यार्थिनीने अशा लेपांची माहिती स्वतःच्या शब्दांत लिहून पुस्तक काढले. तिला लेपांवर हक्क मिळेल का?'''
नाही. तिचा प्रताधिकार पुस्तकातील मांडणीपुरता राहील. लेप कोणीही बनवू शकेल आणि त्याची माहिती वेगळ्या शब्दांत लिहूही शकेल. वैदूलाही या पुस्तकामुळे आपोआप हक्क मिळत नाही, परंतु ते प्रसिद्ध झाल्यानंतर केलेल्या पेटंट अर्जाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येईल.

'''३. वसमतच्या हळदीला मिळालेले भौगोलिक मानांकन हळदीच्या औषधी वापराचे संरक्षण करते का?'''
नाही. मानांकन त्या प्रदेशाशी जोडलेल्या नावाचा गैरवापर रोखते. हळद पिकवण्यावर किंवा जखमेवर लावण्यावर ते कोणाचीही मक्तेदारी निर्माण करत नाही.

'''४. सोराफेनिबच्या बाबतीत प्रताधिकार पुरेसा का ठरला नसता?'''
कंपनीच्या माहितीपुस्तिकेतील मजकूर प्रताधिकाराखाली येऊ शकतो, पण रेणूची रचना आणि तिचा उपयोग ही शब्दरचना नव्हे. प्रतिस्पर्ध्याला ते औषध बनवण्यापासून पेटंटच रोखते. म्हणूनच जेनेरिक औषधांच्या किमतीचा वाद पेटंट कायद्याखाली लढवला जातो.