मोबाइलवरून जर्मन : पाटीकोऱ्या विद्यार्थ्याचे पहिले तीन महिने

आम्ही दोघं, म्हणजे आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती, सत्तरी ओलांडल्यावर जर्मन शिकायला बसलो. कान्ट आम्ही आयुष्यभर इंग्रजीतूनच शिकवला, पण कारण तो नव्हता. आमची साडेतीन वर्षांची नात श्टुटगार्टला असते, बालवाडीत जाते, आणि हळूहळू मराठीत उत्तरं द्यायची बंद झाली होती. म्हणून मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं.

अ‍ॅप पहिल्याच दिवशी विचारतं, रोज किती वेळ देणार? पाच मिनिटं, दहा, पंधरा की वीस? उत्साहात आम्ही वीस निवडली. नवव्या दिवसापासून गाडी घसरली. रात्री साडेअकराला आठवण व्हायची, आणि साखळी तुटू नये म्हणून आम्ही जुनाच, सगळ्यांत सोपा धडा पुन्हा उरकायचो. दिवस भरायचा, गुण मिळायचे. चाळिसाव्या दिवशी नातीशी व्हिडिओवर बोलताना हिला विचारायचं होतं, "तू काय पितेस?" एक शब्द फुटला नाही. हेच वाक्य हिने अ‍ॅपमध्ये निदान दहा वेळा बरोबर सोडवलं होतं.

असं का झालं, ते नीट बघू. अ‍ॅपमध्ये वर इंग्रजी वाक्य असतं आणि खाली शब्दांच्या ठोकळ्या. 'वास', 'ट्रिंक्स्ट', 'डू', आणि सोबत दोन-तीन भलतेच शब्द. भलते शब्द बाजूला काढले की उरलेले आपोआप जागेवर बसतात. म्हणजे आपण शब्द ओळखतो, आठवत नाही. ओळखणं आणि आठवणं ही मनाची दोन वेगळी कामं आहेत. रस्त्यात जुना विद्यार्थी भेटला की चेहरा ओळखतो, नाव काही केल्या आठवत नाही, तसंच हे.

उपाय साधा निघाला. खालचा अर्धा पडदा तळहाताने झाकायचा, वरचं वाक्य वाचायचं, उत्तर मोठ्याने म्हणायचं, मगच हात काढायचा. पहिल्या दिवशी दहातली तीन वाक्यं आली. अ‍ॅप मात्र दहापैकी दहा दाखवत होतं!

मग रोजचं उद्दिष्ट दहा मिनिटांवर आणलं. आधी कालच्या-परवाच्या वाक्यांची उजळणी, आणि वेळ उरला तर एकच नवा धडा. चुकलेल्या वाक्यांसाठी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या, एका बाजूला मराठी, दुसरीकडे जर्मन. त्या तीन डब्यांत ठेवायच्या. पहिला डबा रोज काढायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. आलं तर चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. ही युक्ती आमची नव्हे. सेबास्टिअन लाइटनर यांनी १९७२ च्या पुस्तकात ती मांडली, आणि तीही जर्मनमध्येच.

चिठ्ठीवर मराठी का, इंग्रजी का नाही? अ‍ॅप इंग्रजीतून शिकवतं, आणि इंग्रजीतल्या एका 'यू'पुढे जर्मनमध्ये तीन शब्द उभे राहतात. आम्ही कोणता निवडायचा या घोळात आठवडाभर चुकत होतो. मराठीत आणल्यावर गुंता सुटला. नातीला 'तू' म्हणतो तिथे 'डू'. नात आणि तिच्या मैत्रिणींना मिळून 'तुम्ही' म्हणतो तिथे 'ईअर'. अनोळखी माणसाला आदराने 'तुम्ही' म्हणतो तिथे 'झी'. तीन लिंगांचंही तसंच, ती कल्पना आपल्याला नवी नाही. पण आपलं लिंग तिथे चालेल असं समजू नका. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे, खुर्ची पुल्लिंगी. म्हणून चिठ्ठीवर नुसतं 'झोने' लिहायचं नाही, 'डी झोने' लिहायचं.

आठवणीची घंटा आधी रात्री आठला वाजायची, म्हणजे नेमकी पोळ्या चालू असताना. ती सकाळच्या दुसऱ्या चहावर आणली. सलग तीन दिवस घंटा बोटाने बाजूला सारली जात असेल, तर आळसाला दोष देण्याआधी वेळ बदलून बघा.

गणपतीत गावी, रत्नागिरीकडे, घरात रेंज येत नाही. निघण्याआधी वायफायवर दहा धडे उतरवून घेतले. तिथे गेल्यावर एकदा विमान-मोड लावून आवाज येतो का हे तपासण्यापेक्षा ते पुण्यातच तपासावं, हे आम्हाला तिथे कळलं, कारण दोन धडे अर्धवटच उतरले होते. शिवाय आमच्या अ‍ॅपमध्ये बोलून दाखवायचे प्रश्न नेटशिवाय येतच नाहीत, ते गुपचूप गाळले जातात. त्या दहा दिवसांत तोंडाचा सराव चिठ्ठ्यांवरच झाला, माजघरात, एकमेकांना विचारून.

परत आल्यावर हिने नातीला विचारलं, "वास ट्रिंक्स्ट डू?" उत्तर आलं, "मिल्श." त्यापुढे ती जे भराभर बोलली त्यातलं आम्हाला काहीच कळलं नाही. अ‍ॅपमधली बाई सावकाश, स्वच्छ बोलते, नात तशी बोलत नाही. तेव्हापासून दर रविवारी तिलाच एक वाक्य तीनदा म्हणायला लावतो, आणि ते सोमवारी पहिल्या डब्यात जातं.