स्वयंपाकाचं विज्ञान : पनीर तव्याला का धरतं?

पनीर तव्याला चिकटलं की तेल कमी पडलं असं आपण म्हणतो आणि वरून आणखी एक पळी सोडतो. माझ्या मते दोष बहुतेक वेळा तेलाचा नसतो, पनीरच्या अंगावरच्या पाण्याचा असतो. पाणी १०० अंशांना उकळतं आणि ते असेपर्यंत पृष्ठभाग त्याच्या फारसा वर तापत नाही. खरपूस सोनेरी रंग मात्र साधारण १४० अंशांच्या आसपास भराभर धरू लागतो. म्हणजे ओला तुकडा आधी शिजतो आणि भाजला जातो नंतर. मधल्या वेळात त्यातली प्रथिनं तापल्या लोखंडाला घट्ट धरून बसतात. त्या क्षणी उलथनं घातलं, तर पांढरी साल तव्यावर राहते आणि तुकडा सोललेला निघतो. तोच तुकडा मिनिटभर तसाच राहू दिला, तर खालचा थर सुकून कडक होतो, त्याची पकड ढिली पडते आणि तो हलक्या धक्क्याने सरकतो. सुटला की उलटावा. ओढून सोडवू नये.

२०० ग्रॅम पनीरचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, सुती फडक्यात हलकेच दाबून टिपा आणि दहा मिनिटं उघडे ठेवा. बिडाचा तवा मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो नुसता चर्र करून आटला तर थांबा; गोळी होऊन पळू लागला की तवा तयार. थेंब पूर्ण उडाल्यावर दीड मोठा चमचा तेल घाला, ते चकाकून सहज पसरलं की तुकडे बोटभर अंतराने मांडा. गर्दी केली तर तवा थंडावतो, वाफ कोंडते. अशा वेळी दोन घाणे करावेत. पहिली बाजू दोन ते अडीच मिनिटं, पुढच्या बाजू दीड-दीड मिनिट. कान देऊन ऐका: सुरुवातीचा ओला तडतडाट बारीक, कोरडा झाला की कडा बघायची वेळ आली.

मग नॉनस्टिकच का नको? चालेल, पण ते फक्त चिकटणं टाळतं; ओलं पनीर तिथेही फिकटच राहतं. रिकामं नॉनस्टिक असं कडकडीत तापवूही नये. मोठ्या आचेने काम लवकर होईल, हा आक्षेपही टिकत नाही, कारण कोपरे करपतात आणि मधली बाजू पांढरी राहते. उलट सहाही बाजू रंगवण्याच्या हट्टात पनीर फार वेळ तव्यावर राहिलं, तर प्रथिनं आकसून आतलं पाणी पिळून काढतात आणि ते चिवट होतं. दोन-तीन बाजू पुरेत. रश्श्यात घालायचं असेल तर भाजलेले तुकडे पाचेक मिनिटं मिठाच्या गरम पाण्यात ठेवतात; त्याने ते मऊ होतात, पण कुरकुरीतपणा जातो. नुसतं खायचं असेल तर हे करू नये. टोफूत पाणी अधिक, म्हणून तो फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवून वीस मिनिटं दाबावा आणि पहिल्या बाजूला चार मिनिटं द्यावीत.