गवार व फरसबी : निवड आणि शिरा

गवारीची भाजी तासभर शिजली, तरी जेवतांना दांतांत दोरे अडकावे, असा प्रसंग आमच्या घरीं एकदां आला. कोणी आंच मंद होती असें म्हणालें, कोणी पाणी कमी पडलें असें म्हणालें. पण खरा दोष चुलीकडे नव्हता. तो बाजारांतील पिशवींत आणि भाजी निवडण्याच्या ताटांत होता. तो कसा, हें येथें सांगावयाचें आहे.

गवारीची किंवा फरसबीची शेंग हातांत घेऊन पाहिली, तर तिच्या दोन्ही कडांस शिवण घातल्यासारखी रेघ दिसते. या शिवणींतून आंतील दाण्यांस अन्नपाणी पोंचविणाऱ्या शिरा गेलेल्या असतात. शेंग कोवळी असतां त्या मऊ असतात. दाणा भरूं लागला, कीं शिरेंतील तंतू लांकडासारखे कठीण होतात. उकळत्या पाण्यानें शेंगेचा गर मऊ होतो, परंतु हे तंतू विरघळत नाहींत. म्हणून आधीं कोवळी शेंग घ्यावी, आणि तरीही जी शीर असेल ती काढून टाकावी, हे दोनच उपाय उरतात.

गवार घेतांना बारीक, चपटी व पोपटी रंगाची शेंग निवडावी. तिच्यावरून बोट फिरविलें असतां दाण्यांचे उंचवटे लागूं नयेत. शेंग मध्यें वांकवून पाहावी. तिचे स्वच्छ दोन तुकडे झाले, तर ती कोवळी. तुकडे होऊन एका कडेस दोऱ्यानें लोंबत राहिले, तर तिला शीर आहे. आणि न मोडतां नुसती पिळवटली, तर ती जून झाली असें समजावें.

फरसबी कोवळी व ताजी असेल तर कट्कन् मोडते आणि मोडल्या जागीं ओलावा दिसतो. मात्र येथें एक फसगत होते. कोवळी शेंगही सुकली म्हणजे वांकते, मोडत नाहीं. अशी शेंग तासभर थंड पाण्यांत ठेवावी. केवळ सुकलेली असेल तर ती बरीचशी ताठ होते. जून शेंगेवर दाण्यांचे फुगवटे स्पष्ट दिसतात. ते पाण्यानें जात नाहींत. परीक्षेसाठीं कच्ची फरसबी चावून मात्र पाहूं नये. तिच्या दाण्यांत पोटास बाधणारें द्रव्य असतें व तें नीट शिजविल्यानेंच नाहींसें होतें.

आतां शिरा काढण्याची रीत पाहूं. शेंगा प्रथम धुवाव्या. मोडल्यानंतर धुतल्यास कापल्या जागेंतून रस जातो. मग शेंड्याचें टोंक नखानें मोडावें, पण पुरतें तोडूं नये. तें तसेंच एका शिवणीच्या बाजूनें देंठाकडे ओढीत न्यावें, म्हणजे शीर सबंध निघते. नंतर देंठ मोडून दुसऱ्या शिवणीनें उलट ओढावा. विळीनें टोंकें छाटलीं तर टोंकें जातात, पण शीर आंतच राहते. म्हणून गवार हातानें मोडणें बरें. बोटांस दोरा कळतो, विळीस कळत नाहीं.

फरसबीच्या पुष्कळ जातींस आतां शीर नसते. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील ल रॉय येथें कॅल्व्हिन कीनी यांनीं 1894 मध्यें अशी बिनदोऱ्याची जात तयार केली. तेव्हां पहिल्या दोनचार शेंगा ओढून पाहाव्या. दोरा निघाला नाहीं, तर देंठ तेवढा काढावा. कोवळें शेंडेंही खाण्याजोगें असतें.

त्या प्रसंगानंतर आम्हीं अर्धा किलो गवार आणली आणि ताटांत तिचे तीन ढीग केले. पहिल्या ढिगांतील शेंगांस दोरा नव्हता. त्यांचीं दोन्ही टोंकें तेवढीं काढलीं. दुसऱ्या ढिगांतील शेंगांच्या दोन्ही कडांच्या शिरा ओढून काढल्या. तिसऱ्या ढिगांत पिळवटणाऱ्या मूठभर शेंगा होत्या. त्यांच्या शिरा काढूनही उपयोग नव्हता, कारण त्यांची सालही चिवट झाली होती. पूर्वी आम्हीं याच शेंगा टाकवत नाहींत म्हणून इतरांत मिसळल्या होत्या. या वेळीं त्या सोलून हिरवे, मऊ दाणे तेवढे भाजींत टाकले आणि सालें बाजूस सारलीं. भाजी लवकर शिजली व ताटांत एकही चोथा उरला नाहीं.

एवढें करूनही भाजी कधीं कठीण राहिली, तर आमसूल किंवा चिंच केव्हां घातली तें आठवावें. आंबट पदार्थ आधीं पडला, तर शेंगेचा गर मऊ होण्यास अडथळा येतो. म्हणून शेंग बोटानें दाबली जाऊं लागल्यावरच तो घालावा. दोरा दांतांत आला, तर दोष निवडण्याचा; दोरा नसून शेंगच करकरीत लागली, तर दोष शिजविण्याचा, हा भेद जेवतांनाच ओळखतां येतो.